मंजुरीशिवाय वाफ नाही

ज्या माणसानं माझ्या थोरल्या भावाला नोकरीवरून काढायला लावलं, त्यानंच टर्बाइन सुरू करायच्या सूचना मराठीत करायचं काम माझ्या टेबलावर आणून टाकलं. आणून टाकलं म्हणजे अक्षरशः टाकलं. कंपनीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, तेलकट बोटांच्या ठशांचं. म्हणाला, "तुमच्या भावाला इंग्रजी कळलं नाही म्हणून एवढं नुकसान झालं. आता तुम्हीच मराठीत लिहा, म्हणजे तुमच्या लोकांना तरी कळेल." मी उभा राहिलो, होय साहेब म्हणालो आणि पुस्तक पुढं ओढलं. त्या क्षणी मनात आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मी तेव्हा आमच्या जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात पत्रव्यवहाराचा कारकून होतो. नवं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. माझं निम्मं शिक्षण निजामाच्या अमदानीत उर्दूतून झालेलं, विलीनीकरणानंतर उरलेलं मराठीतून, आणि इंग्रजी मी हट्टानं कमावलेलं. त्यामुळं तिन्ही भाषा यायच्या आणि तिन्हीत चुका काढणारे साहेब भेटायचे. पुस्तक टाकणारे हे साहेब म्हणजे आमचे मुख्य अभियंता, पुण्याकडचे. आम्ही 'दाखला' म्हटलं की ते 'प्रमाणपत्र' म्हणायचे, आम्ही 'हजर' म्हटलं की 'उपस्थित'. मराठवाड्याचं मराठी ऐकलं की डोकं दुखतं, असं ते चारचौघांत सांगायचे. डोकं दुखलं तरी पगार इथलाच घ्यायचे, हे मात्र कधी सांगायचे नाहीत.

भावाचं काय झालं ते आधी सांगतो. दादा सोलापुरात एका गिरणीच्या बॉयलर खात्यात बरीच वर्षं काढून आलेला, कारखान्याच्या पॉवरहाऊसमध्ये वाफेवर वीज करणाऱ्या टर्बाइनवर ऑपरेटर. टर्बाइनला संरक्षणासाठी एक खटका असतो. बेअरिंगला जाणाऱ्या तेलाचा दाब ठीक असेल तोवर हा खटका धरून राहतो. दाब पडला की स्प्रिंग त्याला सोडवते, वाफेचा मुख्य व्हॉल्व्ह खाडकन बंद होतो आणि मशीन थांबतं. ह्यालाच सगळे ट्रिप म्हणतात. मशीन थांबतं म्हणून ते वाचतं, एवढी साधी गोष्ट.

आदल्या हंगामात तेलाचा फिल्टर तुंबत होता आणि मशीन सारखं ट्रिप होत होतं. फिल्टर साफ करायचा तर गाळप थांबवायला हवं. बाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागलेली, बैल उन्हात उभे, शेतकरी ओरडत होते. साहेब पॉवरहाऊसमध्ये आले आणि दादाला म्हणाले, "खटका तारेनं बांधून टाक. हंगाम संपला की बघू." दादानं दोनदा विचारलं. साहेब म्हणाले, "मी सांगतोय ना." दादानं तार बांधली. मशीन मग मुकाट्यानं चाललं. तेलाचा दाब पुन्हा पडला तेव्हा थांबवणारं कुणी उरलं नव्हतं. बेअरिंगमधला मऊ धातू वितळला, शाफ्ट घासला आणि तापलेलं तेल दादाच्या डाव्या हातावर उडालं. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी गेली.

चौकशी झाली. साहेब म्हणाले, पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, ऑपरेटरला इंग्रजी कळलं नाही, त्यानं आपल्याच डोक्यानं तार बांधली. दादा म्हणाला, साहेबांनी सांगितलं. साक्षीदार कोण? टर्बाइन. ते काय बोलणार? दादाच्या नावापुढं 'निष्काळजीपणा' असा शेरा पडला आणि त्याला काढलं. वहिनी दवाखान्यात त्याच्या हाताचं बँडेज बदलून घेत होती तेव्हाच मी कार्यालयात तो आदेश टाइप करत होतो. टाइप करायला मलाच सांगितलं होतं, साहेबांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

दादाला पैशांपेक्षा त्या शेऱ्याचं लागलं होतं. गावात कुणी विचारलं की तो उठून चालू लागायचा. "लोक म्हणत्यात, येड्यानं तार बांधली. म्या येडा हाय का रं?" एवढंच एकदा माझ्याजवळ म्हणाला. मी त्याला म्हटलं, "दादा, तुम्ही येडे न्हाय. ज्यानं बांधाय लावली त्याला मी सगळ्यांसमोर बोलायला लावतो का न्हाय बघा." हे बोललो तेव्हा मला कसं काय करायचं ह्याची तिळमात्र कल्पना नव्हती.

आणि मग ते पुस्तक माझ्या टेबलावर येऊन पडलं. संचालक मंडळानं ठराव केला होता, पुन्हा कुणी इंग्रजी कळलं नाही म्हणू नये म्हणून सूचना मराठीत करून पॉवरहाऊसच्या भिंतीवर रंगवाव्यात. देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात, ते खोटं नाही.

पहिला विचार आला तो वाईटच आला. टर्बाइन सुरू करायचा एक क्रम असतो. वाफेची पाइपलाइन आधी हळूहळू तापवायची, तिच्यातलं साचलेलं पाणी ड्रेनमधून बाहेर काढायचं आणि मगच वाफ मशीनमध्ये सोडायची. पाण्यासकट वाफ सोडली तर आतली पाती मोडू शकतात. मला फक्त दोन ओळी वरखाली करायच्या होत्या. पण साहेब कधी वाफ सोडायच्या चाकापाशी उभे राहत नाहीत. तिथं कुणाचा तरी दुसरा भाऊ उभा असतो. म्हणून तो विचार मी सोडून दिला. सूड घ्यायचा तो नेम धरून घ्यावा, भलत्याला लागला तर तो सूड नव्हे.

मी रोज संध्याकाळी दादाकडं जाऊन बसायचो. पुस्तकात शब्द असत, मशीन दादाच्या डोळ्यांसमोर असे. इंग्रजीत प्रत्येक टप्प्याआधीच्या अटीला एक शब्द होता. ती अट पुरी झाल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही. साहेबांनी सुचवलं होतं 'पूर्वानुज्ञा'. दादाला विचारलं तर म्हणाला, "ते काय आसतंय?" आमच्याकडं तहसीलपासून विहिरीपर्यंत सगळ्याला मंजुरी लागते, ती लहान पोरालाही कळते. मी 'मंजुरी' लिहिलं. ट्रिपला ट्रिपच ठेवलं, कारण सगळ्यांच्या तोंडी तोच शब्द झाला होता.

दादानं आणखी एक गोष्ट सांगितली. त्याच्या जुन्या गिरणीत मोठं इंजिन सुरू करताना एक जण मोठ्यानं पुकारायचा, दुसरा त्या जागी जाऊन डोळ्यांनी बघायचा, हात लावायचा आणि मग उत्तर द्यायचा. उत्तर आल्याशिवाय पुढचं पुकारायचं नाही. "नुसतं वाचून मान हलवली का मानूस फसतंय," दादा म्हणाला. "तोंडानं बोललं का अंगावर येतंय." मी सगळ्या सूचना तशाच लिहिल्या, पुकारा आणि उत्तर. टाकीत तेलाची पातळी खुणेपर्यंत आहे का? हाय. वाफेवरचा मदतीचा तेलपंप चालू आहे का? हाय. प्रत्येक बेअरिंगच्या काचेत तेल वाहताना दिसतं का? हाय. तेलाचा दाब लाल खुणेच्या वर आहे का? हाय. वाफ बाहेर जायचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे का? हाय. ड्रेन उघडे आहेत का, पाणी संपून कोरडी वाफ येते का? हाय. खटका हातानं पाडून बघितला का, वाफेचा व्हॉल्व्ह लगेच बंद झाला का? हाय. ह्या सगळ्या मंजुऱ्या मिळाल्या की मगच वाफ अगदी थोडी सोडायची, मशीन सावकाश फिरवत तापवायचं, बेअरिंगला सळई टेकवून कान लावायचा आणि टप्प्याटप्प्यानं वेग वाढवायचा.

शेवटी ट्रिपची यादी होती. वेग मर्यादेबाहेर गेला तर ट्रिप. तेलाचा दाब पडला तर ट्रिप. बाहेर जाणाऱ्या वाफेचा दाब वाढला तर ट्रिप. ट्रिप झाल्यावर कारण सापडल्याशिवाय खटका पुन्हा चढवायचा नाही. आणि सगळ्यांत खाली इंग्रजीत एक वाक्य होतं: कोणत्याही परिस्थितीत ट्रिपचा खटका बांधू नये किंवा अडकवू नये. 'कोणत्याही परिस्थितीत' ह्या शब्दांवर मी बराच थांबलो. आमच्याकडं परिस्थिती म्हणजे पाऊस नाही, वारा नाही. परिस्थिती म्हणजे कुणीतरी पांढऱ्या शर्टातला माणूस, जो म्हणतो, मी सांगतोय ना. मी लिहिलं: खटका तारेनं बांधायचा नाही, कुणीही सांगितलं तरी.

साहेबांनी मसुदा वाचला आणि लाल पेन्सिलीनं शुद्धलेखन सुधारत गेले. शेवटच्या ओळीवर पेन्सिल थांबली. "हे काढा. ह्यानं कामगारांना नसत्या कल्पना सुचतील."

मी अगदी नम्रपणे म्हणालो, "साहेब, गेल्या वर्षी कामगारानं आपल्याच मनानं तार बांधली असं चौकशीत निघालं. मग कामगारांना बजावणारी ही ओळ सगळ्यांत आधी नको का?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी डोळे खाली घातले, पण कान त्यांच्या श्वासाकडं होते. ओळ काढली तर चौकशीत ते खोटं बोलले असं होत होतं, ठेवली तर ठेवली. "असू द्या," ते म्हणाले. "भिंतीवरचं वाचतो कोण?" आणि खाली सही केली. त्या दिवशी मी घरी जाताना वाटेत थांबून भजी खाल्ली, गरम गरम, आणि दादासाठी पुड्यात बांधून नेली.

रंगाऱ्यानं पॉवरहाऊसमधल्या विजेच्या पॅनेलसमोरची अख्खी भिंत भरून टाकली. काळ्यावर पांढरी अक्षरं, शेवटची ओळ लाल. तिच्याखाली 'मुख्य अभियंता' म्हणून साहेबांचा हुद्दा रंगवून घेतला. ते मी मुद्दाम सांगून करून घेतलं.

हंगामाच्या शुभारंभाचा कार्यक्रम लिहायचं कामही माझंच होतं. तुळजापूरहून पुजारी येणार, बॉयलर पेटलेलाच असणार, गव्हाणीत उसाची पहिली मोळी टाकली जाणार, पाहुण्यांची भाषणं. दादा म्हणाला होता, "वर्षभर खोललेलं मशीन पयल्या दिवशी एकदा तरी न्हाय म्हनतंयच." म्हणून मी कार्यक्रमात एक बाब घातली: चेअरमनसाहेबांच्या उपस्थितीत मराठी सूचनांचं वाचन करून टर्बाइन सुरू करणे. चेअरमन मोठे शेतकरी, चौथीपर्यंत शिकलेले. मराठी राज्यात मराठीतून मशीन चालणार ह्याचा त्यांना फार अभिमान वाटला. साहेबांना वाटला नाही, पण चेअरमननी होय म्हटल्यावर त्यांना मान डोलवावी लागली.

तो दिवस आला. पॉवरहाऊसमध्ये चेअरमन, दोन संचालक, पुजारी, हार घातलेलं टर्बाइन आणि हातात फाईल घेऊन दाराशी मी. फाईलमध्ये काहीच नव्हतं. दादाच्या जागी आता परंड्याकडचा एक ऑपरेटर होता, सरळ मनाचा आणि चेअरमनसमोर घामानं भिजलेला. पॅनेलवरच्या माणसानं पुकारायला सुरुवात केली. टाकीतलं तेल? हाय. मदतीचा पंप? हाय. बेअरिंगच्या काचेत तेल?

परंड्याचा ऑपरेटर पुढच्या बेअरिंगपाशी वाकला, मग मागच्या. बराच वेळ वाकून राहिला. "मागच्या काचंत न्हाय," तो म्हणाला. मग दाबाच्या काट्याकडं बघितलं. "दाब बी लाल खुणंखालीच हाय."

साहेबांनी घड्याळ बघितलं. बाहेर पाहुणे मोळीजवळ ताटकळत होते. ते इंग्रजी-मराठीत चेअरमनना समजावू लागले, की मदतीचा पंप लहान असतो, मशीन एकदा फिरलं की शाफ्टवरचा मोठा पंप तेल उचलतो, दाब आपोआप येतो. काळजीचं कारण नाही. मग ऑपरेटरला म्हणाले, "चढव खटका."

ऑपरेटरनं खटका चढवला. तेलाला जोर नव्हता, तो खाली पडला. पुन्हा चढवला, पुन्हा पडला.

"बांध त्याला," साहेब म्हणाले. "दहा मिनिटांसाठी. मी सांगतोय ना."

मला आनंदच झाला, खरं सांगतो. वर्षभर मी ह्याच तीन शब्दांची वाट बघत होतो आणि ते चेअरमनच्या कानावर स्वच्छ पडले होते.

ऑपरेटर जागचा हलला नाही. त्यानं भिंतीकडं बोट केलं. "साहेब, मंजुरी न्हाय. तितं लिवलंय, कुनीबी सांगितलं तरी."

साहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी हत्यारांच्या कप्प्यातून तारेचं वेटोळं काढलं आणि स्वतः खटक्याला गुंडाळायला लागले. सवयीचा हात होता तो, तिढा कसा घालायचा हे त्यांना विचारावं लागलं नाही. सगळ्यांनी ते बघितलं.

"साहेब, थांबा," चेअरमन म्हणाले. आवाज चढवला नाही. भिंतीवरची लाल ओळ त्यांनी एक एक अक्षर लावत वाचली, मग खाली रंगवलेला हुद्दा वाचला, मग तारेकडं बघितलं. "हा तुमचाच हुद्दा हाय न्हवं? मग तुमी कुनाचं ऐकायलाव?" साहेबांनी तार सोडली. ती जमिनीवर घरंगळत गेली आणि कुणी उचलली नाही.

तेलाची टाकी उघडली. पंपाच्या तोंडाच्या जाळीत सुती चिंध्यांचा बोळा अडकलेला होता. उन्हाळ्यात मशीन पुसताना आत राहिलेला. तो काढल्यावर काटा लाल खुणेच्या वर गेला, मागच्या काचेत तेल वाहायला लागलं आणि दिवस कलायच्या आत टर्बाइन गुरगुरत फिरलं. तार बांधून चालवलं असतं तर मागचं बेअरिंग तेल पोचायच्या आतच कोरडं जळालं असतं. हे चेअरमनना पुजाऱ्यापासून संचालकापर्यंत सगळ्यांनी समजावून सांगितलं. त्यांना सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी चेअरमननी मला बोलावलं. दादाला परत घ्यायचं ठरलं होतं. आणि ह्यापुढं टर्बाइन सुरू करताना मुख्य अभियंत्यानं स्वतः उभं राहून सूचना पुकारायच्या, ऑपरेटरनं उत्तर द्यायचं. मी विचारलं, "आणि दादांच्या नावावरचा शेरा?" चेअरमन म्हणाले, "आता जुनं उकरू नगा. साहेब गेलं तर हंगामात दुसरा इंजिनेर कुठनं आनू? मानूस परत आला, बास की." बास नव्हतं. पण मी पुन्हा नम्रपणे होय म्हणालो. नम्रपणा मला आता चांगलाच जमायला लागला होता.

घरी येऊन दादाला सांगितलं. वहिनीला रडू आलं. दादानं फक्त विचारलं, "शेरा?" मी नाही म्हणून मान हलवली. तो हातावरच्या ओढलेल्या कातडीवरून बोटं फिरवत राहिला.

पहिल्या साफसफाईला कारखाना थांबला आणि पुन्हा सुरू करायची वेळ आली ती दादाच्या पाळीत. मी पुन्हा दाराशी, पुन्हा रिकामी फाईल. टर्बाइन थांबलेलं असल्यामुळं पॉवरहाऊसमध्ये नुसता मदतीच्या पंपाचा फुसफुस आवाज होता. फिटर, तेलवाले, पॅनेलवरचे सगळे जमले होते. कुणी बोलावलं नव्हतं, आपापले आले होते. साहेब भिंतीसमोर उभे राहून पुकारू लागले. माझं मराठी, माझे शब्द, त्यांच्या तोंडून. 'मंजुरी' म्हणताना त्यांची जीभ जराशी अडखळायची आणि मला ते फार गोड लागायचं.

तेल? हाय. पंप? हाय. काचेत तेल? दादा दोन्ही बेअरिंगपाशी गेला, वाकला, हात लावला. हाय. दाब? हाय. बाहेरचा व्हॉल्व्ह, ड्रेन, हातानं पाडलेला खटका, सगळं हाय. शेवटची लाल ओळ साहेबांनी पटकन वाचून टाकली आणि म्हणाले, "सोड वाफ."

दादाचा उजवा हात वाफेच्या चाकावर होता. तो फिरला नाही.

"सोड," साहेब म्हणाले.

"एक मंजुरी ऱ्हायली," दादा म्हणाला.

साहेबांनी भिंतीकडं बघितलं. सगळ्या ओळी झाल्या होत्या. "कोणती?"

"गेल्या साली तार कुनी बांधाय लावली?"

बाहेर गव्हाणीजवळ बैलांच्या घंटा वाजत होत्या. बॉयलरवरून निरोप आला, वाफेचा दाब चढतोय, काय करायचं. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी ह्या वेळी डोळे खाली घातले नाहीत. मग त्यांनी फिटरांकडं बघितलं, तेलवाल्यांकडं बघितलं आणि कुणाच्याच चेहऱ्यावर त्यांना वाट सापडली नाही.

"मी," साहेब म्हणाले.

"आयकू न्हाय आलं."

"मी सांगितलं होतं. मी."

"हाय," दादा म्हणाला, आणि त्यानं चाक अगदी थोडं फिरवून वाफ सोडली.